रूममेटचा निरोप घेताना: आभाराचे पत्र आणि त्यातील एक गमतीची आठवण

एका घरात काही महिने किंवा काही वर्षे एकत्र राहिल्यानंतर निघण्याचा दिवस येतो, तेव्हा बहुतेक जण सामान, अनामत रक्कम आणि किल्ल्या यांच्या गडबडीत असतात. आभार मानायचे राहून तरी जातात, किंवा दारात उभे राहून ‘चल, सगळ्यासाठी थँक्स’ एवढ्यावर आटोपतात. अशा निरोपाची वेळ ज्यांच्यावर पहिल्यांदाच येत आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. रूममेटला एक पानभर पत्र कसे लिहावे आणि त्यात दोघांनी मिळून अनुभवलेली एकच गमतीची आठवण कशी निवडावी व मांडावी, एवढाच त्याचा विषय आहे.

पत्र लिहिताना नवख्या माणसाला दोन शंका हमखास येतात: समोरच्याला अवघडल्यासारखे तर होणार नाही ना, आणि आपल्याला नीट शब्द सापडतील का. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कृतज्ञतेची पत्रे लिहायला लावली आणि ती मिळालेल्यांना नंतर कसे वाटले, हे त्यांच्याकडूनच जाणून घेतले. लिहिणाऱ्यांनी समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त बांधला होता आणि आनंदाचा कमी. लिहिणारे आपल्या शब्दांच्या अचूकतेची काळजी करत होते, तर वाचणाऱ्यांना त्यातील आपुलकी अधिक जाणवत होती. म्हणून भाषा सुंदर व्हावी यासाठी अडून बसू नये. वेळ द्यायचा तो कशाबद्दल आभार मानायचे आणि कोणती आठवण घ्यायची, हे ठरवण्यासाठी द्यावा.

हिशेब आधी मिटवा

पत्राला हात घालण्यापूर्वी पैशांचे आणि वस्तूंचे सगळे व्यवहार पूर्ण करावेत. अनामत रकमेतील वाटा, शेवटच्या महिन्याचे वीजबिल, एकत्र घेतलेल्या वस्तू कोणाकडे राहणार, उसन्या घेतलेल्या गोष्टी परत करणे, हे सारे निघण्याच्या साधारण आठवडाभर आधी स्वतंत्रपणे बोलून घ्यावे आणि ठरलेले एका संदेशात लिहून ठेवावे. कारण अगदी साधे आहे. हिशेब अर्धवट असताना दिलेले आभार समोरच्याला सवलतीची प्रस्तावना वाटू शकतात. ‘तू नेहमीच समजून घेतेस’ हे वाक्य थकलेल्या बिलाच्या सावलीत वाचले, तर त्याचा अर्थच बदलतो. त्याच कारणाने ‘गॅसचे बिल तेवढे भरून टाक’ अशी ओळही पत्राच्या शेवटी कधी जोडू नये. ती वेगळी पाठवावी, शक्यतो आदल्या दिवशी.

काही कडवट गोष्ट शिल्लक असेल, तर तीही पत्रात आणू नये. ती बोलायची असल्यास समोरासमोर आणि आधी बोलावी. बोलायची इच्छा नसल्यास ती तशीच मागे सोडावी. आभाराच्या पत्रात ‘आपल्यात काही वेळा खटके उडाले, पण’ असे लिहिले, की वाचणाऱ्याचे मन त्या ‘पण’च्या अलीकडेच अडकते.

कशाबद्दल आभार मानायचे, हे शोधा

‘सगळ्यासाठी’ मानलेले आभार कोणाच्याच लक्षात राहत नाहीत, कारण त्यात रूममेटने केलेली एकही कृती दिसत नाही. ती कृती शोधण्याची एक खात्रीची रीत आहे. एकत्र राहण्याचा काळ आठवून पाहण्याऐवजी घरातील एकेक जागा आणि दिवसातील एकेक वेळ डोळ्यांसमोर आणावी: सकाळी न्हाणीघराबाहेरची रांग, रात्री उशिरा दार उघडण्याचा आवाज, आजारपणातली दुपार, कपडे वाळत घालायची दोरी, पाहुणे आले तेव्हाची झोपण्याची व्यवस्था. अशा प्रत्येक ठिकाणी ‘इथे माझ्यासाठी तिने किंवा त्याने काय बदलले?’ असा प्रश्न विचारावा. सहनिवासातील खरे उपकार बहुधा अशा छोट्या बदलांत असतात आणि ते करणाऱ्याने त्याबद्दल काही बोललेले नसते.

उत्तरे सापडली, की त्यातील एकच निवडावे. फार तर दोन. आणि ते लिहिताना वाक्याचा कर्ता कोण आहे, हे पाहावे. ‘मला शांत झोप मिळाली, मला अभ्यासाला वेळ मिळाला, मला एकटे वाटले नाही’ या तिन्ही वाक्यांत आपण आहोत. रूममेट कुठेच नाही. सारा अल्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हाच भेद तपासला होता. आभार मानणाऱ्याने स्वतःला काय लाभ झाला हे सांगणे आणि समोरच्याने केलेल्या कृतीतून त्याचे काय कौतुक वाटले हे सांगणे, यांपैकी दुसऱ्या प्रकाराने आभार स्वीकारणाऱ्याला अधिक चांगले वाटते, असे त्यात आढळले. म्हणून आपल्याला झालेला लाभ एका वाक्यात सांगावा आणि बाकीची जागा रूममेटने काय केले, ते करताना तिला कोणती गैरसोय सोसावी लागली, आणि त्यातून तिचा कोणता स्वभाव दिसला, यासाठी ठेवावी.

आठवणीची निवड

पत्राचे यश बरेचसे इथेच ठरते, म्हणून या टप्प्यावर जरा थांबावे. डॉरिस बॅझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, जोडप्यांवरील एका अभ्यासात, एकत्र हसल्याच्या प्रसंगांची आठवण काढणाऱ्यांना नंतर आपल्या नात्याबद्दल अधिक समाधान वाटले. एकमेकांविना आनंदात असल्याच्या आठवणी किंवा नुसत्या एकत्र आनंदाच्या आठवणी यांनी तेवढा फरक पडला नव्हता. रूममेटचे नाते वेगळे असते आणि हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, पण त्यातील एक गोष्ट आपल्या कामाची आहे: प्रसंगात दोघेही हसलेले असावेत. एक हसला आणि दुसरा ते हसणे संपण्याची वाट पाहत होता, असा प्रसंग एकत्र हसण्याचा नसतो.

सुचतील तसे तीन-चार प्रसंग कागदावर प्रत्येकी एका ओळीत लिहावेत. मग प्रत्येकाबाबत पाहावे, की तो प्रसंग रूममेट स्वतः इतरांना सांगते का. माझ्या मते यासारखी दुसरी कसोटी नाही. जी गोष्ट तिने आपल्या मैत्रिणीला किंवा घरच्यांना फोनवर हसत सांगितलेली आपण ऐकली आहे, ती पत्रात येण्यास योग्य. जी गोष्ट फक्त आपणच चारचौघांत सांगतो आणि त्या वेळी ती उठून पाणी आणायला जाते, ती कितीही विनोदी असली तरी बाजूला ठेवावी. पत्र हे जपून ठेवले जाते आणि कधीतरी दुसऱ्याच्या हाती पडते, हेही विसरू नये. पैशांची अडचण, प्रेमप्रकरण, शरीर, आजार, नोकरीतील फजिती, नशेतील वागणे यांच्याशी जोडलेला प्रसंग दोघांमध्ये निर्धास्तपणे हसण्यासारखा असला, तरी पानावर उतरवल्यावर तो आपल्या ताब्यात राहत नाही. घराबाहेरचा माणूस ज्यात हसण्याचा विषय झाला आहे, मग तो घरमालक असो की शेजारी, तो प्रसंगही मी टाळावा असेच सांगेन. अशा प्रसंगात आपण दोघे एका बाजूला असतो खरे, पण त्यात रूममेटचे असे काहीच नसते.

या चाळणीतून दोन-तीन प्रसंग उरले, तर जो प्रसंग आपल्या आभाराच्या मुद्द्याची साक्ष देतो, तो घ्यावा. गमतीची आठवण आणि आभार हे पत्राचे दोन सुटे भाग ठेवले, तर पत्र आधी गंभीर, मग एकदम विनोदी आणि पुन्हा गंभीर असे हिंदकळते. त्याऐवजी, ज्या स्वभावाबद्दल आभार मानायचे आहेत, त्याच स्वभावामुळे गंमत घडली असेल, तर दोन्ही आपोआप एकत्र येतात. रूममेटच्या अति सावधपणाबद्दल आभार मानायचे असतील, तर त्या सावधपणामुळे झालेली गंमत शोधावी. तिच्या उत्साहाबद्दल मानायचे असतील, तर उत्साहामुळे झालेली. असा प्रसंग बहुधा मिळतोच, कारण माणसाचा जो गुण आपल्या सोयीचा ठरतो, तोच गुण एखाद्या दिवशी विनोदालाही कारण होतो.

एक उदाहरण

समजा, दोघी जणी एका घरात राहतात. धाकटी घर सोडून चालली आहे आणि मोठीला ती ‘ताई’ म्हणते, पण ‘अगं-तूगं’ करते. धाकटी कामावरून रात्री उशिरा येते, म्हणून ताईने न सांगता आपले सकाळचे फोन बाल्कनीत जाऊन करायला सुरुवात केली होती. दुसरीकडे, वाऱ्याच्या दिवसांत रोज पहाटे घरात बारीक शिट्टी ऐकू येई. दोघींनाही वाटे, दुसरी वाजवते आहे. दोघींनीही भिडेखातर बरेच दिवस ती सहन केली. शेवटी ती शिट्टी खिडकीच्या फटीतून येणाऱ्या वाऱ्याची निघाली. धाकटीचा पहिला मसुदा साधारण असा होईल:

> प्रिय ताई, तू मला नेहमी खूप सांभाळून घेतलेस. तुझ्यामुळे मला घरापासून दूर आहे असे कधीच वाटले नाही. आपण खूप मजा केली. ती शिट्टीची गंमत आठवते ना? किती हसलो होतो आपण! माझ्याकडून काही चुकले असेल तर माफ कर. सगळ्यासाठी मनापासून आभार. संपर्कात राहू.

यातील प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि तरी पहिल्या ओळीतील ‘ताई’ बदलून दुसरे कोणतेही नाव घातले, तर शिट्टीची एक ओळ सोडून सारे तसेच चालेल. हीच त्याची उणीव आहे. ‘सांभाळून घेतलेस’ म्हणजे काय केले, हे लिहिलेले नाही. आठवणीचा नुसता उल्लेख आहे, ती सांगितलेली नाही. ‘किती हसलो होतो’ हे सांगून हसू येत नाही. ज्याने हसू आले होते, ते पानावर यावे लागते. आणि माफी मागताच पत्राचा रोख आभारावरून न सांगितलेल्या चुकांकडे वळतो. आता दुसरा मसुदा पाहावा:

> प्रिय ताई,
>
> मी रात्री उशिरा यायला लागले, तेव्हापासून तू सकाळचे फोन बाल्कनीत जाऊन करू लागलीस. मला हे कितीतरी दिवसांनी कळले, आणि तेही एकदा लवकर जाग आली आणि तू शाल पांघरून बाहेर कुडकुडत बोलताना दिसलीस म्हणून. माझी झोप मोडू नये म्हणून तू थंडीत उभी राहत होतीस आणि त्याबद्दल एक शब्द बोलली नव्हतीस. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते आज मानते.
>
> तुझ्या या न बोलण्याने एकदा मात्र आपली चांगलीच फसगत केली. पहाटेची ती शिट्टी तुझी आहे असे मी धरून चालले होते, आणि तू ती माझी आहे असे. मी एकदा धीर करून म्हणाले, ‘आज सूर चांगला लागला होता.’ तू अगदी गंभीरपणे उत्तर दिलेस, ‘हो, रोजच्यापेक्षा बरा होता.’ मला वाटले, ताईला स्वतःच्या कलेची केवढी जाण आहे. तुला वाटले, ही पोरगी कौतुक करून घ्यायला आली आहे. मग त्या दिवशी दोघी एकाच वेळी आपापल्या दारात आलो, एकमेकींच्या मिटलेल्या ओठांकडे पाहत उभ्या राहिलो, आणि शिट्टी चालूच होती.
>
> रोज झोपमोड करणाऱ्या मुलीलाही तू ‘बरा होता’ एवढेच म्हणालीस, हे मला अजून आठवते. नव्या घरात सकाळचा फोन आला, की मी बाल्कनीत जाईन.
>
> तुझी, ...

इथे आभार पहिल्याच वाक्यापासून एका दिसणाऱ्या कृतीला धरून आहेत. तारखा नाहीत, घराचे वर्णन नाही, कारण ताईला ते माहीत आहे. प्रसंगाला स्वतः उपस्थित असलेल्या वाचकासाठी लिहिताना पार्श्वभूमी एका वाक्यात आटोपते आणि जागा मिळते ती प्रत्यक्ष बोललेल्या शब्दांना. ते शब्द जसे बोलले गेले तसेच यावेत, हे मी आग्रहाने सांगेन. ‘बरा होता’ हे ताईचे शब्द आहेत. त्याजागी ‘तू काहीतरी मजेशीर उत्तर दिलेस’ असे लिहिले असते, तर सगळा प्रसंग विझला असता. शब्द आठवत नसतील, तर रचून घालू नयेत. समोरची व्यक्ती तिथे हजर होती आणि तिला खोटे लगेच ओळखू येते. अशा वेळी शब्दांऐवजी एखादी हालचाल किंवा वस्तू आठवून लिहावी.

आठवणीचा शेवट ‘शिट्टी चालूच होती’ इथे झाला आहे, आणि त्यापुढे खिडकीचा खुलासा केलेला नाही. तो ताईला ठाऊक आहे आणि हसू त्या न केलेल्या खुलाशातच आहे. त्यानंतरचे एकच वाक्य आठवणीला पुन्हा आभाराकडे आणते. हे जोडणारे वाक्य सुचत नसेल, तर बहुधा आठवण चुकीची निवडलेली असते. वाक्यावर मेहनत करण्यापेक्षा यादीतील दुसरा प्रसंग घ्यावा.

हसण्याचा भार कोणावर पडतो, तेही इथे तपासून पाहता येईल. गैरसमज दोघींचा आहे आणि फजितीही सारखीच. प्रसंग जर फक्त रूममेटच्या चुकीचा असेल, तर तो तिच्यावर हसणारा होतो. केवळ आपल्या चुकीचा असेल, तर पत्र आपल्याच गोष्टीने भरून जाते. दोघांचा वाटा असलेला प्रसंग मिळत नसेल, तर असा घ्यावा ज्यात चूक आपली आणि ती निस्तरणारी हुशारी रूममेटची आहे.

लिहून झाल्यावर

मसुदा एक रात्र बाजूला ठेवून सकाळी मोठ्याने वाचावा. आठवणीपूर्वी किंवा नंतर ‘गंमत करते आहे, राग मानू नकोस’ असे काही लिहावेसे वाटले असेल, तर आपल्यालाच त्या प्रसंगाची खात्री नाही असे समजावे आणि तो काढून टाकावा. दुसरी खूण लांबीची. आठवण आभाराच्या भागाच्या दुपटीहून मोठी झाली, की पत्र किस्सा सांगण्यासाठी लिहिल्यासारखे वाटू लागते. सारे मिळून दीडशे ते अडीचशे शब्द पुरतात.

संबोधन रोजच्या बोलण्यातलेच असावे. ज्याला आपण ‘अरे’ म्हणतो, त्याला पत्रात ‘आपण’ म्हटले, तर तो दुरावा वाटतो. वयाने मोठ्या रूममेटला ‘दादा’ आणि ‘तुम्ही’ म्हणत असू, तर तेच ठेवावे. निरोपाच्या भरात जवळीक वाढवून ‘तू’वर येऊ नये. टोपणनाव वापरायचे असेल, तर ते तिला आवडते का, हे वरच्याच कसोटीने पाहावे.

पत्र हाताने लिहावे, अक्षर कसेही असले तरी. मात्र सामान हलवण्याच्या दिवशी ते देऊ नये, कारण त्या दिवशी प्रत्येक कागद खोक्यात किंवा कचऱ्यात जातो. आदल्या संध्याकाळी, दोघांनाही थोडी फुरसत असताना, हातात द्यावे आणि ‘नंतर निवांत वाच’ असे म्हणावे. समोर बसवून वाचायला लावले, तर तिला त्याच क्षणी योग्य प्रतिक्रिया देण्याचे ओझे होते. रूममेट जाणारी आणि आपण मागे राहणार असू, तर ते तिच्या सोबतच्या हातपिशवीत, तिला सांगून, ठेवणे सोयीचे. घरात तिघे-चौघे असतील, तर प्रत्येकाला वेगळे पत्र द्यावे आणि प्रत्येकात वेगळी आठवण असावी, कारण ही पत्रे एकमेकांना दाखवली जातात. एवढे लिहिणे जमणार नसेल, तर सगळ्यांसमोर तोंडी आभार मानावेत आणि त्यात सर्वांनी पाहिलेला एकच प्रसंग थोडक्यात सांगावा.

ज्या रूममेटशी फारसे सूत जुळले नाही, तिच्यासाठी गमतीची आठवण ओढूनताणून आणू नये. ‘परीक्षेच्या दिवसांत तू घरात शांतता ठेवलीस, त्याबद्दल मनापासून आभार’ अशी दोन खरी वाक्ये एका चिठ्ठीत पुरेशी आहेत आणि त्यात कमीपणा काहीच नाही. खोटी सलगी दाखवणारे लांब पत्र त्यापेक्षा अधिक खुपते.

पत्र दिल्यानंतर ‘वाचलेस का?’ असे विचारू नये. काही जण त्याच रात्री उत्तर देतात, काही जण महिन्यांनी एखाद्या दुसऱ्याच विषयावर बोलताना त्याचा उल्लेख करतात, काही कधीच करत नाहीत. नव्या घरी पोहोचल्यावर पहिला संदेश साधा असावा: पोहोचल्याचे कळवणारा, आणि आपल्या नावाने जुन्या पत्त्यावर टपाल आले तर ते कुठे पाठवायचे, हे सांगणारा.